लहान, खचलेल्या मंडळीसाठी उपदेश कसा तयार करावा: इब्री ६:९-१२ वरून एका आठवड्याचे काम

ज्या मंडळीच्या बाकांवर पूर्वी दीडशे माणसे बसत आणि आता वीस बसतात, तिच्यापुढे उभे राहून उपदेश करताना पाळक आणि उपदेशक बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक करतात. एक तर ते न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढतात, नाही तर लवकरच मंदिर भरेल असे आश्वासन देऊन टाकतात. दोन्ही वेळा मोजमाप हजेरीचेच राहते, आणि माणसे आली तशीच खचलेली घरी जातात. मी पहिली चूक स्वतः केली आहे. इब्री १०:२५ हे एकत्र मिळणे न सोडण्याविषयीचे वचन घेऊन मी अर्धा तास बोललो. उपासना संपल्यावर दाराशी एक आजी मला हलक्या आवाजात म्हणाल्या, “पाळकसाहेब, जे आले नाहीत त्यांना तुम्ही बोललात, पण ऐकलं आम्ही.” त्यानंतर हा उपदेश मी ज्या क्रमाने तयार करू लागलो, तो क्रम खाली देत आहे. यात क्रमाला महत्त्व आहे, कारण शास्त्रभाग निवडण्याआधी करायचे काम नंतर करता येत नाही.

१. सोमवार ते बुधवार: खचण्याचे कारण शोधा

संख्या कमी होण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाचे दुःखही वेगळे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्या गावमंडळीचे उदाहरण मी पुढे घेणार आहे, तिथे तीन कारणे एकमेकांत मिसळली होती. आवारातले वसतिगृह बंद झाल्याने तिथली मुले उपासनेतून गेली, तरुण कुटुंबे नोकरीसाठी पुणे आणि पिंपरी-चिंचवडला गेली, आणि कमिटीच्या निवडणुकीवरून झालेल्या भांडणात तीन घरे यायची थांबली. पहिल्या दोन कारणांत कोणाचाही अपराध नाही. तिसऱ्यात आहे.

म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला चार-पाच घरी जावे आणि “लोक का येत नाहीत?” हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी तक्रारीच्या रूपात येते. त्याऐवजी “रविवारी मंदिरात बसल्यावर तुम्हाला कोणाची आठवण येते?” असे विचारावे. या प्रश्नावर माणसे नावे घेतात, कोण कुठल्या बाकावर बसे ते सांगतात, आणि दुःख नेमके कशाचे आहे ते कळते. एका काकांनी मला सांगितले की, त्यांना रिकाम्या बाकांपेक्षा गाण्यात खालचा सूर धरणारे कोणी उरले नाही, याचे वाईट वाटते. उपदेशाच्या सुरुवातीसाठी मला याहून खरे वाक्य टेबलाशी बसून सुचले नसते.

*सावधान:* कारण भांडणाचे असेल तर आधी मत्तय ५:२३-२४ प्रमाणे त्या घरी जा. धीराविषयीचा उपदेश समेटाच्या जागी ठेवू नका. दुखावलेल्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते की, तो गेल्याचे मंडळीला काही वाटत नाही.

२. शास्त्रभाग निवडताना तीन ठिकाणी थांबा

लहान मंडळीचे नाव निघाले की तीन शास्त्रभाग आपोआप सुचतात, आणि या कामासाठी तिन्ही अडचणीचे आहेत.

पहिला मत्तय १८:२०, म्हणजे दोघे किंवा तिघे येशूच्या नावाने जमण्याचे वचन. हे वचन खरे आहे, पण त्याच्या आधीची वचने वाचली तर तिथे अपराध केलेल्या भावाशी कसे वागावे आणि दोन किंवा तीन साक्षीदार का न्यावेत याविषयी बोलणे चालू आहे. कमी हजेरीचे सांत्वन हा तिथला विषय नाही. शिवाय ज्या मंडळीत भांडणाने घरे तुटली आहेत, तिथे या वचनाचा पूर्ण संदर्भ सांत्वनापेक्षा आज्ञाच देतो.

दुसरा शास्ते ७. गिदोनाचे बत्तीस हजार दहा हजारांवर आले, दहा हजार तीनशेवर आले आणि मग जय मिळाला. हा भाग सांगितला की ऐकणारा जयाची वाट पाहू लागतो. तिथे लोक कमी करण्याचे कारणही दिले आहे, ते म्हणजे इस्राएलाने स्वतःच्या हातांनी सुटका केली अशी बढाई मारू नये. तुमच्या गावातली माणसे देवानेच याच हेतूने कमी केली, असे म्हणण्याचा अधिकार उपदेशकाला नाही. नोकरीसाठी गेलेला मुलगा गिदोनाच्या सैन्यातून परत पाठवलेला भित्रा शिपाई नव्हे.

तिसरा इब्री १०:२५, ज्याविषयी मी वर लिहिले. आलेल्यांना हे वचन सांगायचेच असेल तर २४ व्या वचनासह सांगावे. प्रीती आणि सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन देणे हा तिथे एकत्र येण्याचा हेतू आहे.

मी इब्री ६:९-१२ घेतो. ज्यांना हे पत्र लिहिले ते थकलेले लोक होते. १०:३२-३४ मध्ये त्यांच्या पूर्वीच्या दिवसांचे वर्णन आहे: चारचौघांत झालेली निंदा, बंदिवानांविषयी दाखवलेला कळवळा, लुटली गेलेली मालमत्ता. १२:१२ मध्ये त्यांचे हात गळून गेले आहेत आणि गुडघे लटपटत आहेत. शिवाय १०:२५ वरून दिसते की, काही जणांनी एकत्र येणे सोडलेही होते. म्हणजे खचलेली आणि गळती लागलेली मंडळी या पत्रात आधीपासूनच बसलेली आहे.

३. चार वचने वाचा, आणि चार गोष्टींखाली रेघ ओढा

बुधवारी हा भाग किमान पाच वेळा मोठ्याने वाचावा. पहिल्यांदा ६:१ पासून वाचावा. ४ ते ८ या वचनांत फार कडक इशारा आहे आणि तो वगळून ९ वे वचन कळत नाही. इशाऱ्यानंतर लेखकाचा स्वर बदलतो आणि तो त्यांना प्रियजन म्हणून हाक मारतो. मूळ ग्रीक पत्रात ही हाक एवढ्या एकाच ठिकाणी आहे. उपदेशाचा स्वर इथून घ्यावा. मात्र खचलेल्या मंडळीपुढे ४ ते ८ वचनांचे विवेचन त्याच रविवारी करू नये, ते वेगळ्या दिवसाचे काम आहे.

१० व्या वचनात दोन गोष्टी पाहायच्या आहेत. देव काय विसरत नाही, ते तिथे स्पष्ट सांगितले आहे: त्यांचे काम, आणि पवित्र जनांची सेवा करून देवाच्या नावासाठी दाखवलेली प्रीती. लोक किती होते हे तिथे नाही. दुसरी गोष्ट काळाची. मूळ वाक्यात सेवा करणे हे क्रियापद दोन रूपांत येते, एक केलेल्या सेवेसाठी आणि एक अजून चालू असलेल्या सेवेसाठी. लहान मंडळी स्वतःविषयी नेहमी भूतकाळात बोलते, “आमच्याकडे तेव्हा गायनमंडळ होते” असे म्हणते. हे वचन तिला वर्तमानकाळ परत देते.

इथे एक धोकाही आहे. देव अन्यायी नाही या शब्दांवरून आपल्या सेवेची मजुरी देवाकडे जमा आहे, असा अर्थ काढला जाऊ शकतो. वचनात प्रीती देवाच्या नावासाठी आहे. ती हिशेबात मांडायला केलेली नाही. उपदेशात हे एका वाक्यात सांगून पुढे जावे.

११ व्या वचनात “तुमच्यातील प्रत्येकाने” या शब्दांखाली रेघ ओढा. लेखक सगळ्या मंडळीची सरासरी काढत नाही, तो एकेकाकडे पाहतो. आणि १२ व्या वचनात जो मंदपणाचा शब्द आहे, तोच मूळ भाषेत ५:११ मध्ये ऐकण्याच्या मंदपणासाठी आला आहे, नव्या करारात इतरत्र तो येत नाही. धीर सुटण्याची सुरुवात ऐकण्यापासून होते, एवढे या शब्दावरून सांगता येते.

४. संख्येचा प्रश्न टाळू नका: अब्राहामाचा हिशेब मांडा

पुढच्याच वचनांत, ६:१३-१५ मध्ये, धीराचे उदाहरण म्हणून अब्राहाम येतो आणि त्याला दिलेले वचन संख्येचेच आहे: मी तुला बहुगुणित करीन. म्हणजे हा शास्त्रभाग संख्येला तुच्छ मानत नाही. पण अब्राहामाने स्वतःच्या डोळ्यांनी किती पाहिले, ते उत्पत्तीच्या पुस्तकातून मोजता येते. इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता. याकोब आणि एसाव जन्मले तेव्हा इसहाक ६० वर्षांचा होता, म्हणजे अब्राहाम १६०. अब्राहाम १७५ व्या वर्षी वारला. आकाशातील ताऱ्यांइतकी संतती होण्याचे वचन मिळालेल्या माणसाने, ज्या वंशातून ते पूर्ण व्हायचे होते त्या वंशात, एक मुलगा आणि पंधरा वर्षांचे दोन नातू पाहिले. इब्री ११:१३ म्हणते की, ही माणसे वचनांची फळे दुरून पाहून मेली.

हा हिशेब मंडळीपुढे सावकाश मांडावा, कारण यात दोन्ही टोके टळतात. संख्या देवाच्या हातात आहे आणि ती खरी आहे, पण ती आपल्या हयातीत आपल्याला दाखवली जाईलच असे वचन नाही. इथे “म्हणून आपलीही मंडळी पुढे वाढेल” असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणू नये. अब्राहामाला दिलेले वचन गावातल्या एका मंदिराला दिलेले नाही.

*तपासणी:* तुमच्या टिपणात “लवकरच”, “पुन्हा भरेल”, “थोडे असलो तरी आपणच खरे” यांपैकी काही असेल तर ते खोडा. शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे, कारण ते लहानपणालाच पुण्य ठरवते आणि गेलेल्यांना खोटे.

५. गुरुवार: पुरावा गोळा करा, पण नवी हजेरी बनवू नका

प्रीती आणि धीर हे शब्द नुसते उच्चारले तर वीस माणसांपैकी कोणालाही ते आपल्याविषयी आहेत असे वाटत नाही. प्रत्यक्षात घडत असलेल्या एक-दोन गोष्टी हव्यात, आणि त्या याच मंडळीतल्या हव्यात.

त्या गावमंडळीत एक आजी दर बुधवारी अर्धांगवायू झालेल्या एका भाऊंच्या घरी जात. भाऊ पूर्वी शब्बाथशाळेत शिकवत, आता त्यांना नीट दिसत नाही. आजी फडक्यात बांधलेली भाकरी आणि डब्यात भाजी नेत, खाटेच्या कडेला बसत आणि स्तोत्रसंहिता उघडत. आजींचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले, म्हणून त्या ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचत. कुठे अडखळल्या की भाऊ तो शब्द पाठ असल्याने पुरवत. एका स्तोत्राला पाऊण तास लागे. हे बरीच वर्षे चालू होते आणि मंडळीच्या कोणत्याही वहीत त्याची नोंद नव्हती.

अशी गोष्ट उपदेशात घेण्यापूर्वी तीन गोष्टी करायच्या. पहिली, परवानगी मागायची. वीस जणांत नाव न घेता सांगितले तरी कोणाविषयी आहे ते सगळ्यांना कळते, त्यामुळे नकार आला तर गोष्ट पूर्ण सोडून द्यावी. आजी आधी “त्यात काय सांगायचं?” म्हणाल्या आणि मग भाऊंना विचारून होकार दिला. भाऊंची परवानगीही तितकीच लागते, कारण आजार त्यांचा आहे. दुसरी, गोष्ट वाढवायची नाही. अश्रू, चमत्कार, भाऊंचे शेवटचे शब्द असे काहीही भरू नये. तिसरी, एक गोष्ट अशी घ्यावी जी मंडळीतल्या कमी कौतुक होणाऱ्या माणसाची आहे. उपासनेआधी मंदिर उघडून टाकी भरणारा भाऊ चालेल. कमिटीच्या अध्यक्षांची गोष्ट घेऊ नये.

इथे होणारी चूक बारीक आहे. प्रीतीची उदाहरणे गोळा करता करता उपदेशक किती घरभेटी झाल्या, किती रुग्णांसाठी प्रार्थना झाली, अशी यादी करतो आणि ती वाचून दाखवतो. हजेरीची जागा मग सेवेची आकडेवारी घेते, आणि जी ताई दिवसभर शेतावर राबून रविवारी कशीबशी येऊन बसते, ती पुन्हा कमीच ठरते. म्हणून उदाहरणे दोनच असावीत, आणि त्यानंतर हे स्पष्ट सांगावे की, देवाला स्मरण असलेल्या गोष्टी उपदेशकाला माहीत असलेल्या गोष्टींपेक्षा पुष्कळ अधिक आहेत.

६. शुक्रवार: पंधरा ते अठरा मिनिटांची मांडणी

आधी एक वाक्य लिहा, ज्यावर सारा उपदेश उभा राहील. माझे वाक्य असे होते: “आपण किती आहोत हे देव जाणतो, पण तो जे विसरत नाही असे म्हणतो ते आपण एकमेकांवर केलेली आणि करत असलेली प्रीती आहे, आणि तो आपल्याला शेवटपर्यंत तीच करत राहायला सांगतो.”

पहिली तीन मिनिटे दुःखाला द्या. सुरुवात मी अशी केली: “आज इथे बसताना आपल्यापैकी पुष्कळांनी रिकाम्या बाकांकडे पाहिले असेल. त्या बाकांवर बसणारी माणसे आपली होती. त्यांची आठवण येणे हा अविश्वास नाही.” यानंतर काकांचे खालच्या सुराविषयीचे वाक्य त्यांच्या परवानगीने सांगितले. दुःख खरेपणाने सांगितल्याशिवाय सांत्वन सुरू केले, तर माणसे ऐकायचे थांबतात.

त्यापुढे तीन-चार मिनिटे इब्री पत्राच्या वाचकांविषयी, पाच मिनिटे १० व्या वचनावर दोन उदाहरणांसह, आणि राहिलेला वेळ अब्राहाम आणि ११-१२ वचनांसाठी. धीर म्हणजे काय, ते या शेवटच्या भागात नेमके सांगावे लागते. जुने सगळे कार्यक्रम चालू ठेवणे म्हणजे धीर, असे खचलेल्या मंडळीला वाटते. पूर्वी चार गट होते म्हणून आताही वीस जणांनी चार गट चालवावेत, असे हे वचन सांगत नाही. आशा शेवटपर्यंत धरणे आणि पवित्र जनांची सेवा करत राहणे, एवढेच इथे मागितले आहे. एखादा गट बंद केल्याने धीर सुटला असे होत नाही, हे मी उघड सांगितले, तेव्हा शब्बाथशाळा आणि महिला मंडळ दोन्ही एकटीने ओढणाऱ्या एका ताईंनी पहिल्यांदाच वर पाहिले.

*सावधान:* मंदिर दुरुस्ती, मंडळी शेजारच्या मंडळीत विलीन करणे, पाळकाचे वेतन, हे प्रश्न या उपदेशात आणू नका. ते कमिटीच्या सभेत बोलायचे आहेत. शेवटी दानाचे आवाहन जोडले तर आधीचे सगळे त्यासाठीच होते असे वाटते.

आणखी एक तपासणी प्रामाणिकपणे करावी. आपल्या वागण्याने कोणी गेले आहे का? तसे असेल तर “संख्या महत्त्वाची नाही” हे वाक्य पळवाट बनते. प्रेषितांच्या कृत्यांत लूक तीन हजार आणि पाच हजार असे आकडे लिहितो, कारण प्रत्येक आकड्यामागे माणसे आहेत. म्हणून उपदेशानंतरच्या प्रार्थनेत गेलेल्यांसाठी तक्रार न करता प्रार्थना ठेवावी. त्यांची नावे मात्र घेऊ नयेत.

७. रविवार: मंदिर, घोषणा आणि गीत

दीडशेंच्या मंदिरात वीस माणसे विखरून बसली असतील तर उपदेश सुरू होण्याआधीच हरतो. शनिवारी मागची बाके दोरीने अडवण्याऐवजी पुढच्या दोन रांगा एकमेकींसमोर तिरक्या लावाव्यात. उपदेश व्यासपीठावरून खाली येऊन, माइकशिवाय करावा. ऐकायला कमी येणाऱ्यांची जागा मात्र आधी विचारून ठरवावी.

सर्वांत जास्त काळजी घोषणांची घ्यावी. आमच्याकडे चिटणीस आशीर्वादाच्या आधी “गेल्या रविवारची हजेरी” वाचत. उपदेशानंतर पाच मिनिटांत हा आकडा ऐकू आला, तर सगळे काम वाया जाते. चिटणीसांशी शनिवारीच, एकट्याने आणि आदराने बोलावे, कारण त्यांनी ती वही वर्षानुवर्षे निष्ठेने लिहिली आहे. वही लिहिणे बंद करायला सांगू नये. फक्त ती वाचली जाऊ नये.

गीत सर्वांना पाठ असलेले निवडावे आणि ते नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत सुरू करावे. थोड्या आवाजांत उंच सुरावर माणसे गप्प होतात, आणि त्या शांततेत मंडळीला तिची कमतरता उपदेशापेक्षा मोठ्याने ऐकू येते.

८. त्यानंतरचे चार आठवडे

दाराशी “छान झाला उपदेश” असे किती जण म्हणतात, यावर जाऊ नये. मी दोन गोष्टी पाहतो. माणसे गेलेल्यांविषयी बोलताना स्वर बदलतो का, आणि कोणी न सांगता एकमेकांच्या घरी जाते का. त्या गावात तिसऱ्या आठवड्यात काका बुधवारी आजींबरोबर भाऊंच्या घरी गेले, आणि स्तोत्र वाचून झाल्यावर तिघांनी एक गीत म्हटले, ज्यात खालचा सूर भाऊंनी खाटेवरून धरला. भांडणाने दुरावलेल्या तीन घरांपैकी एका घरी मी दोनदा गेलो, आणि दार उघडले तरी ते अजून उपासनेला आलेले नाहीत. हजेरी त्या महिन्यात एकोणीस ते बावीस होती, पूर्वीइतकीच.